व्हिनेगरचं टायट्रेशन: ‘ह्यूमन एरर’ खोडून तिथे काय लिहायचं

प्रश्न: मी एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे, कॉलेज ठाण्यात. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक ॲसिडचं प्रमाण काढायचं प्रॅक्टिकल होतं. आधी ऑक्झॅलिक ॲसिड वापरून कॉस्टिकचं स्टँडर्डायझेशन, मग त्याच दिवशी त्याच कॉस्टिकने १० मिली व्हिनेगरचे १०० मिली करून टायट्रेशन. सगळी भांडी त्या त्या द्रावणाने नीट विसळून घेतली होती. रीडिंग्ज: कॉस्टिकसाठी १०.२५, १०.२, १०.२५ आणि व्हिनेगरसाठी ७.१५, ७.२, ७.१५. उत्तर ४.२१७% आलं, बाटलीवर ४% आहे. मी ‘पर्सेंटेज एरर ५.४%, कारण ह्यूमन एरर आणि तापमानातील बदल’ असं लिहिलं. मॅडमनी जर्नल परत दिलं: ‘टेबल अपुरा, एरर ॲनालिसिस नाही.’ नक्की काय लिहायचं?

उत्तर:

तुझी रीडिंग्ज चांगली आहेत. मॅडमनी जर्नल परत दिलं ते त्या रीडिंग्जच्या भोवती जे लिहिलंयस त्यामुळे. मी महापेच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलामुलींचे रिपोर्टही बहुतेक याच दोन जागी अडतात: तक्त्यात अर्धी माहिती नसते, आणि चुकीचं कारण देताना ती चूक उत्तर वाढवते की घटवते हे कोणी बघत नाही. तुझ्या प्रश्नात एक वाक्य मला खटकलं आहे. त्याच्याकडे शेवटी येते, कारण तिथे पोचायला आधीचं सगळं लागेल.

उद्देश, साहित्य आणि समीकरणं यांवर वेळ घालवू नकोस. उद्देश एका वाक्यात लिही, पण त्यात ‘भार प्रति आकारमान टक्के’ हे शब्द हवेत, म्हणजे १०० मिलीत किती ग्रॅम. दोन्ही अभिक्रियांची समीकरणं लिही आणि ऑक्झॅलिकच्या एका मोलला कॉस्टिकचे दोन मोल लागतात हे तिथेच नोंदव. फिनॉल्फ्थॅलिन का, याचंही एक वाक्य पुरे: दुर्बल आम्ल आणि प्रबळ आम्लारी असल्याने समतुल्य बिंदूला द्रावणात सोडियम ॲसिटेट उरतं आणि पीएच तुझ्या संहतीला साधारण ८.७ येतो. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग ८.२ ते १० या पट्ट्यात बदलतो, म्हणून ते इथे बसतं. मिथिल ऑरेंज ४.४ च्या आतच रंग बदलून मोकळं झालं असतं.

कृती मात्र भूतकाळात लिही. ‘१० मिली घ्या’ हे प्रॅक्टिकलच्या पुस्तकाचं वाक्य झालं, तुझं वाक्य ‘१० मिली घेतले’. हा फरक नुसता व्याकरणाचा नाही. तू काय केलंस ते लिहायला बसलीस की कुठलं भांडं कशाने विसळलं, गुलाबी रंग किती वेळ टिकल्यावर थांबलीस, ऑक्झॅलिकचं वजन प्रत्यक्षात किती भरलं, हे लिहावंच लागतं. पुढच्या एरर ॲनालिसिसचा कच्चा माल तोच आहे. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की एंड पॉइंट धरायचा. त्यानंतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो उडाला तर उडू दे, आणखी एक थेंब घालायचा नाही.

तक्ता

नुसते ‘७.१५, ७.२, ७.१५’ हा तक्ता नव्हे, ही वजाबाकीची उत्तरं आहेत. ब्युरेटवर डोळ्याने वाचलेले आकडे सुरुवातीचे आणि शेवटचे असतात, आणि तेच तुझ्या तक्त्यात नाहीत. व्हिनेगरचा तक्ता असा दिसायला हवा. तुझ्याकडे सुरुवात-शेवटाचे आकडे कच्च्या वहीत असतील तर तेच घाल. इथले मी फक्त मांडणीसाठी घेतले आहेत.

| ब्युरेट वाचन (मिली) | पायलट | १ | २ | ३ |
|---|---|---|---|---|
| शेवटचे | ८ | ७.१५ | १४.३५ | २१.५० |
| सुरुवातीचे | ० | ०.०० | ७.१५ | १४.३५ |
| फरक | ७ ते ८ | ७.१५ | ७.२० | ७.१५ |

तक्त्याच्या वर लिही: ब्युरेटमध्ये काय, कोनिकल फ्लास्कमध्ये काय आणि किती, इंडिकेटर कोणता व किती थेंब, रंगबदल कशातून कशात. असाच दुसरा तक्ता ऑक्झॅलिकचा. त्याच्या वर वजनाची नोंद: वजन-बाटली भरलेली, वजन-बाटली रिकामी, आणि फरक. तुझं वजन तू प्रश्नात दिलेलं नाहीस. पुढच्या गणितासाठी मी १.५८०२ ग्रॅम धरते, तू तुझं घाल.

‘७.२’ आणि ‘७.२०’ यांत फरक आहे. ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेषा असतात आणि दोन रेषांच्या मधला भाग आपण नजरेने निम्मा धरतो. म्हणजे वाचन ०.०५ पर्यंत जातं. ‘७.२’ लिहिलंस की वाचणाऱ्याला वाटतं, हिने दुसऱ्या वेळी तेवढ्या बारकाईने पाहिलंच नाही. कॉस्टिकच्या तक्त्यातलं ‘१०.२’ही ‘१०.२०’ कर.

आता सी.बी.आर. बारावीपासून आपल्याला सवय असते की दोनदा सारखं आलेलं रीडिंग उचलायचं आणि तिसरं सोडून द्यायचं. तसं केलंस तर १०.२५ आणि ७.१५ धरून उत्तर ४.२० येतं. तिन्हींची सरासरी, म्हणजे १०.२३ आणि ७.१७, धरून ४.२२ येतं. कॉलेजच्या जर्नलमध्ये सी.बी.आर.चा रकाना असेल तर तो भर, पण एरर ॲनालिसिस करायचं असेल तर सरासरीने पुढे जा. ७.२० हे रीडिंग ०.०५ नेच वेगळं आहे, म्हणजे एका थेंबाने. ते टाकून द्यायला काहीही कारण नाही, आणि कारणाशिवाय टाकलेलं रीडिंग आमच्याकडे ऑडिटमध्ये पहिलं पकडलं जातं. खोडायचंच असेल तर एक आडवी रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि कारण. व्हाइटनर नको.

गणित

प्रत्येक पायरीला एकक लिही आणि मधल्या पायऱ्यांत एक अंक जास्त ठेव. अंक शेवटी छाटायचे.

ऑक्झॅलिक ॲसिड (दोन पाण्याचे रेणू धरून रेणुभार १२६.०७), २५० मिलीत:
१.५८०२ ÷ (१२६.०७ × ०.२५००) = ०.०५०१४ मोलर

कॉस्टिक:
२ × ०.०५०१४ × १०.०० ÷ १०.२३ = ०.०९८०२ मोलर

विरल केलेलं व्हिनेगर:
०.०९८०२ × ७.१७ ÷ १०.०० = ०.०७०२८ मोलर

मूळ व्हिनेगर:
०.०७०२८ × १० = ०.७०२८ मोलर
०.७०२८ × ६०.०५ = ४२.२ ग्रॅम प्रति लिटर = ४.२२%

तुझ्या ४.२१७ मधला तिसरा दशांश कॅल्क्युलेटरने दिलाय, ब्युरेटने नाही. ७.१७ मध्ये तीनच सार्थ अंक आहेत, तेव्हा उत्तरातही तीनच.

इथेच एक झटपट तपासणी करून घे. ऑक्झॅलिकचा रेणुभार चुकून ९० धरला तर उत्तर १.४ पट होऊन ५.९% येतं. दोनाचा गुणक विसरला तर २.१% येतं, आणि विरलीकरणाचे दहा विसरले तर ०.४२%. तुझं उत्तर यांपैकी कशाच्याही जवळ नाही, म्हणजे गणित ठीक आहे. जे काही आहे ते टेबलावर घडलं आहे.

एरर ॲनालिसिस

याचे दोन स्वतंत्र भाग आहेत आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. पहिला भाग: सगळं नीट केलं असलं तरी या उपकरणांनी उत्तर किती धूसर राहतं? दुसरा भाग: काही नीट झालं नसेल तर ते उत्तराला कोणत्या बाजूला ढकलेल?

पहिल्या भागाला आकडे लागतात. ब्युरेटचं एक वाचन ±०.०५ मिली धर. प्रत्येक टायट्रेशनमध्ये दोन वाचनं असतात. त्या चुका सरळ बेरजेने जोडायच्या नाहीत, वर्ग करून, बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे ०.०७ मिली. ७.१७ मध्ये ०.०७ म्हणजे १.०%. १०.२३ मध्ये तेच ०.०७ म्हणजे ०.७%. बी वर्गाच्या १० मिली पिपेटची मर्यादा ±०.०४ मिली, म्हणजे ०.४%. तुमच्या पिपेटवर ‘ए’ असेल तर निम्मी धर. १०० मिलीचा बी वर्गाचा स्टँडर्ड फ्लास्क ±०.२० मिली, म्हणजे ०.२%, आणि २५० मिलीचा ±०.३० मिली, म्हणजे ०.१%. चार दशांशांच्या तराजूवर दीड ग्रॅम वजन करतानाची चूक इतकी लहान आहे की ती सोडून दिली तरी चालेल, फक्त ‘सोडली’ असं लिही.

पिपेट तू तीनदा वापरलीस, मग ०.४% एकदाच का धरलं? सूत्रात नीट बघ. ऑक्झॅलिकचे १० मिली वरच्या बाजूला आहेत आणि विरल व्हिनेगरचे १० मिली खालच्या. पिपेट तीच असेल तर ती जितकी जास्त सोडते तितकीच दोन्हीकडे सोडते आणि ते छेद जातं. उरते फक्त मूळ व्हिनेगर मोजतानाची एक वेळ. दोन वेगळ्या पिपेट वापरल्या असतील तर हे लागू होत नाही, म्हणून कृतीत ‘तीच पिपेट’ असं लिहायला हवं. हे रिपोर्टमध्ये दोन ओळींत मांडलंस तर तोंडी परीक्षेत तुला पिपेटबद्दल दुसरा प्रश्न येणार नाही.

आता एकत्र करू: १.०, ०.७, ०.४, ०.२ आणि ०.१ यांच्या वर्गांची बेरीज १.७०, वर्गमूळ १.३. म्हणजे १.३%. ४.२२ चे १.३% म्हणजे ०.०५. तेव्हा उत्तर ४.२२ ± ०.०५%.

तीन रीडिंग्जच्या सरासरीने वाचनाची चूक थोडी घटते हे खरं आहे. पण तीनच रीडिंग्ज आहेत आणि एंड पॉइंटची चूक मी वेगळी धरलेली नाही, म्हणून मी ती सवलत घेत नाही.

या बेरजेतून एक गोष्ट उघड दिसते. सगळ्यात मोठा वाटा ७.१७ मिलीच्या छोट्या रीडिंगचा आहे. सुधारणा सुचवायची असेल तर ‘जास्त काळजी घ्यावी’ असं लिहू नकोस. लिही: विरल व्हिनेगर १० ऐवजी २५ मिली घेतलं तर ब्युरेट वाचन सुमारे १७.९ मिली होईल आणि तिथली चूक १.० वरून ०.४ टक्क्यांवर येईल. फक्त मग ऑक्झॅलिकसाठीही तीच २५ मिलीची पिपेट घ्यायची, नाहीतर वर जे छेद गेलं ते जाणार नाही.

‘तापमानातील बदल’ काढून टाक. तिशीच्या तापमानात पाण्याचं आकारमान अंशामागे साधारण ०.०३% बदलतं. फ्लास्कवर छापलेल्या तापमानापेक्षा तुमची लॅब पाच अंशांनी गरम असली तरी ०.१५% होतात, आणि सगळी द्रावणं त्याच खोलीत असल्याने त्यातलंही बरंचसं आपोआप कटतं. त्याने ५.४% होत नाहीत.

आता ते ५.४%

आधी शब्द दुरुस्त कर. ‘पर्सेंटेज एरर’ म्हणजे खऱ्या किमतीपासूनचं अंतर. बाटलीवरचे ४% ही खरी किंमत आहे असं कोणी ठरवलं? आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत व्हिनेगरला किमान ३.७५% ॲसेटिक ॲसिडची अट आहे. उत्पादक लेबलावर गोल आकडा छापतो आणि त्याच्या थोडं वर राहणं त्याच्या सोयीचं असतं. म्हणून ‘लेबलपासूनचा फरक’ असं लिही. हा फरक ०.२२ आहे आणि तुझी धूसरता ०.०५. फरक चौपटीहून जास्त आहे, म्हणजे नुसत्या वाचनाच्या चुकीने तो समजावता येत नाही. मग दोनच शक्यता उरतात. एक, व्हिनेगर खरंच ४.२ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन, सगळ्या रीडिंग्जना एकाच बाजूला ढकलणारी चूक झाली आहे.

दुसऱ्या शक्यतेत संशयितांना एकेक करून तपासायचं, आणि प्रत्येकाला हेच विचारायचं: तू उत्तर वाढवतोस की घटवतोस, आणि किती?

एंड पॉइंट गडद गुलाबी करून थांबलीस? एक जास्तीचा थेंब ०.०५ मिली धरला तर व्हिनेगरचं उत्तर ०.७% वाढतं. पण तीच सवय ऑक्झॅलिकच्या वेळीही असणार. तिथे कॉस्टिक प्रत्यक्षापेक्षा ०.५% कमकुवत दिसेल आणि उत्तर तेवढं घटेल. निव्वळ परिणाम ०.२%. हा संशयित सुटला.

कॉस्टिकने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला? आपल्याकडे पावसाळ्यात कॉस्टिकच्या गोळ्या वजन करता करता ओल्या होतात, म्हणून तर आपण तिच्या वजनावर विश्वास न ठेवता ऑक्झॅलिकने तिची संहती ठरवतो. आठवडाभर ठेवलेली बाटली वापरली असती तर कॉस्टिक कमकुवत होऊन जास्त लागलं असतं आणि उत्तर फुगलं असतं. पण दोन्ही टायट्रेशनं एकाच दिवशी झाली. हाही सुटला.

ऑक्झॅलिकचे स्फटिक जुने, पांढरट, पाणी उडालेले होते? तसं असेल तर उत्तर खाली जातं, वर नाही. तुझं वर गेलंय. त्यामुळे ते कारण लिहिलंस तर ते उलट तुझ्याच विरुद्ध जाईल.

ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा? तो मध्येच निघाला तर ज्या टायट्रेशनमध्ये निघाला ते एकच रीडिंग बाकीच्यांपेक्षा मोठं येतं. तुझं तसं नाही.

आता ते खटकलेलं वाक्य: ‘सगळी भांडी त्या त्या द्रावणाने नीट विसळून घेतली होती.’ ब्युरेट आणि पिपेट द्रावणाने विसळायची, कारण आतलं पाणी द्रावणाला पातळ करतं. कोनिकल आणि स्टँडर्ड फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. त्यांत आम्लाचे किती मोल आहेत हे पिपेटने ठरवलेलं असतं. आतल्या पाण्याने काही बिघडत नाही, पण आतल्या आम्लाने बिघडतं.

कोनिकल फ्लास्क विरल व्हिनेगरने विसळला असता तर दर वेळी आत कमी-जास्त थेंब उरले असते आणि रीडिंग्ज विखुरली असती. तुझी एका थेंबाच्या आत आहेत, म्हणून कोनिकलवर माझा फारसा संशय नाही. १०० मिलीचा स्टँडर्ड फ्लास्क मात्र वेगळा. तो तू एकदाच भरलास आणि तिन्ही रीडिंग्ज त्याच द्रावणाची आहेत. तो मूळ व्हिनेगरने विसळून ओतून दिला आणि आत अर्धा मिली चिकटून राहिला, तर फ्लास्कमध्ये १० ऐवजी १०.५ मिली व्हिनेगर गेलं. म्हणजे ५% जास्त, बाजूही बरोबर आणि मापही जवळपास तेवढंच. आणि रीडिंग्ज तरीही छान जुळतील, कारण जुळणं फक्त टायट्रेशन तपासतं, विरलीकरण नाही.

तो फ्लास्क कशाने विसळला हे तुलाच माहीत. पाण्याने विसळला असेल तर कृतीत तसं लिही आणि निष्कर्ष असा दे:

‘दिलेल्या नमुन्यात ॲसेटिक ॲसिडचे प्रमाण ४.२२ ± ०.०५% (भार प्रति आकारमान) आढळले. ते लेबलवरील ४ टक्क्यांपेक्षा ०.२२ ने जास्त आहे. हा फरक वाचनाच्या अनिश्चिततेपेक्षा मोठा आहे. विरलीकरण एकदाच केल्यामुळे त्यातील चूक या निरीक्षणांवरून तपासता येत नाही.’

व्हिनेगरने विसळला असेल तर तेही कृतीत जसंच्या तसं लिही. निष्कर्षातलं शेवटचं वाक्य बदल: ‘स्टँडर्ड फ्लास्क नमुन्याने विसळल्यामुळे मिळालेले प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे.’ यात गुण कापले जाण्यासारखं काही नाही.

आणि मॅडमनी पुढच्या बॅचला अर्धा तास दिला तर पूर्ण प्रयोग पुन्हा करू नकोस. स्टँडर्ड फ्लास्क पाण्याने धुऊन त्याच बाटलीतलं १० मिली व्हिनेगर नव्याने १०० मिली कर आणि दोनच रीडिंग्ज घे. कॉस्टिक त्या दिवशीचं नसेल तर आधी ऑक्झॅलिकची दोन रीडिंग्ज घ्यावी लागतील. कॉस्टिकची संहती तीच असेल आणि रीडिंग ६.८० च्या आसपास आलं, तर व्हिनेगर ४% चं आहे आणि गडबड फ्लास्कची होती. पुन्हा ७.१५ ते ७.२० आलं, तर बाटलीतच ४.२% आहे. दोन्ही विरलीकरणांची रीडिंग्ज शेजारी शेजारी मांड आणि वरच्या निष्कर्षातलं विरलीकरणाबद्दलचं वाक्य काढून टाक.